गणपतीला गावी निघालेल्या कुत्र्याची बॅग

गणपतीसाठी कोकणात जाताना माणसांच्या बॅगा आदल्या रात्री भरल्या तरी चालतात. घरच्या कुत्र्याला बरोबर न्यायचं असेल, तर त्याची बॅग गुरुपौर्णिमेच्या सुमारास भरायला घ्यावी लागते. त्या बॅगेतली सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे लसीकरणाची वही, आणि ती वेळेत पूर्ण व्हायला सहा-सात आठवडे लागू शकतात.

समजा, पुण्यातलं एक कुटुंब गुहागरजवळच्या आपल्या घरी पाच दिवसांच्या गणपतीला निघालं आहे. बरोबर चार वर्षांचा, अठरा किलो वजनाचा गावठी कुत्रा आहे. उंब्रजहून पाटण, कोयना, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, असा सहा-सात तासांचा रस्ता. भाद्रपदातला पाऊस, चिखल, घरात तीसेक माणसं, दोन वेळा झांजांच्या गजरात आरती आणि विसर्जनाला फटाके. या कुत्र्याबरोबर काय न्यायचं, ते या रस्त्यावर आणि त्या घरात काय घडू शकतं यावरूनच ठरवायला हवं.

वही उघडली की बहुतेक जण फक्त रेबीजच्या लसीची तारीख पाहतात. ती पाहायलाच हवी. आपल्याकडे ही लस पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर देतात आणि पुढे दरवर्षी. पण पावसाळ्यातल्या कोकणासाठी दुसरी एक नोंदही तितकीच मोलाची आहे, ती लेप्टोस्पायरोसिसची. हा जंतू उंदीर आणि गुराढोरांच्या मूत्रातून डबक्यात, शेताच्या पाण्यात आणि चिखलात उतरतो. कुत्रा ते पाणी प्यायला किंवा पायाला जखम असताना त्यातून चालला, तरी त्याला लागण होते. पुढे मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही धोक्यात येतात. आजारी कुत्र्याच्या मूत्रातून तो माणसालाही होऊ शकतो. या लसीचं संरक्षण साधारण वर्षभरच टिकतं. पहिल्यांदाच देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. मागचा डोस चुकून बराच काळ लोटला असेल, तर बहुधा पुन्हा दोन डोसांपासूनच सुरुवात करावी लागते. दुसऱ्या डोसनंतर शरीराला तयारीसाठी आणखी काही दिवस हवेत. गुरुपौर्णिमेचा हिशेब इथून आला. अनेक कुत्र्यांना देण्यात येणाऱ्या एकत्रित लसीत लेप्टोचा भाग असतो, पण प्रत्येकीत असतोच असं नाही. डॉक्टरांना तसं नेमकं विचारा.

नोंद नीट आहे की नाही, हे ओळखणं सोपं आहे. लसीच्या कुपीवरचं चिकटवलेलं लेबल, त्यावरचा बॅच क्रमांक, दिल्याची तारीख, पुढची तारीख, आणि डॉक्टरांची सही व शिक्का. यातलं काही नसेल तर दवाखान्यातून भरून घ्या. मूळ वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, मोबाइलमध्ये प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि तो गाडीतल्या आणखी एका माणसाला पाठवा. वाटेत लॉजवर उतरायचं झालं तर वही मागतात. रेल्वेने जाणार असाल तर ती लागतेच, शिवाय प्रवासाच्या एक-दोन दिवस आधीचा डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखलाही. रेल्वेत कुत्रा आपल्यासोबत फक्त वातानुकूलित प्रथम वर्गात नेता येतो, तेही दोघांचा कूपे किंवा चौघांची केबिन संपूर्ण आपली असेल तरच. नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीतून जावं लागतं, आणि तो गोंगाट बहुतेक कुत्र्यांना सोसत नाही. दोन्ही प्रकारांत पार्सल कार्यालयात त्याचं बुकिंग करावं लागतं.

वहीची खरी गरज मात्र गावातल्या घरी पडते. अनोळखी पोरांच्या गर्दीत घाबरलेला कुत्रा एखाद्याला चावला, तर पहिला प्रश्न लसीचाच येतो. वही दाखवा, पण तिच्या भरवशावर थांबू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्या माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. कुत्र्यावर पुढचे दहा दिवस लक्ष ठेवावं लागतं. लस द्यायची की नाही, हे तिथले डॉक्टर ठरवतील.

आता खाणं. गणपतीच्या दिवसांत घरात मांस-मच्छी शिजत नाही. पुण्यात रोज चिकन-भात खाणाऱ्या कुत्र्याचं पाच दिवस काय करायचं, याचा विचार निघण्याआधी करायला हवा. सोयीचा मार्ग म्हणजे कोरडं तयार खाद्य, पण तिथे गेल्यावर एकदम बदललं तर जुलाब ठरलेले. म्हणून निघण्याआधी आठवडाभर पालट करा. पहिले दोन दिवस पाव भाग नवं आणि बाकी जुनं, मग निम्मं-निम्मं, मग पाऊण भाग नवं, शेवटी संपूर्ण नवं. अठरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण अडीचशे ग्रॅम लागतं. पाकिटावरच्या तक्त्याशी ताडून घ्या. जाण्या-येण्यासकट सात दिवसांचं पावणेदोन किलो होतं. घाटात दरड कोसळून मुक्काम वाढला तर म्हणून अडीच किलो न्या. ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण कोकणातल्या दमट हवेत उघड्या पाकिटाला दोन दिवसांत बुरशीचा वास येऊ लागतो. तसा वास आला तर ते फेकून द्या.

पाणी त्याला दिवसाला सुमारे एक लिटर लागतं. वाटेसाठी घरचं दोन लिटर भरून घ्या, नेहमीचं भांडं बरोबर ठेवा. गावी पोहोचल्यावर उकळून गार केलेलं पाणी द्या. डबक्याला तोंड लावू देऊ नका.

प्रवासाच्या दिवशी निघण्याआधी तीन-चार तास थोडंसं खायला द्या, पोटभर जेवण गावी पोहोचल्यावर. घाटात मळमळू लागलं की कुत्रा ओकण्याआधी खुणा देतो. लाळ गळू लागते, तो पुन्हा पुन्हा ओठ चाटतो, जांभया देतो. तेवढ्यात गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं चालवलं तर अनेकदा उलटी टळते. ज्याला नेहमीच त्रास होतो, त्याच्यासाठी डॉक्टर मळमळ थांबवणारी गोळी देतात. माणसांची गोळी अंदाजाने अर्धी करून देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्यांना घातक ठरू शकतात. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही मारू शकते.

खाण्याबाबत सगळ्यात मोठा धोका मात्र तुमच्या बॅगेत नसतो, तो प्रसादाच्या ताटात असतो. मनुका आणि बेदाण्यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होतात, आणि किती खाल्ल्यावर होतील, हे आधी सांगता येत नाही. खिरापतीत, पंचखाद्यात, शिऱ्यात बेदाणे असतातच. पाहुणी आजी प्रेमाने मूठभर पंचखाद्य पुढे करणार, हे गृहीत धरा आणि पोहोचल्याबरोबर घरातल्या सगळ्यांना सांगा. देव्हाऱ्याजवळच्या खोलीत कुत्र्याला मोकळं सोडू नका. लाडाने काही द्यायचंच असेल तर त्याच्या डब्यातले चार दाणे मुलांच्या हातात द्या. बेदाणे खाल्ल्याचं लक्षात आलं, तर त्रास दिसण्याची वाट न पाहता लगेच पशुवैद्यांना फोन करा. पहिल्या एक-दोन तासांत ते उलटी करवून पोट रिकामं करू शकतात. त्यासाठी चिपळूण किंवा गुहागरमधल्या पशुवैद्यांचा नंबर निघण्याआधीच लिहून घ्या. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा क्रमांकही जवळ ठेवा.

अंथरुणासाठी नवीन गादी घेऊ नका. त्याला नवीन गादीचा वास परका असतो. तो रोज ज्या चादरीवर झोपतो तीच, न धुता, घडी घालून न्या. कुत्र्याला जागा ओळखीची वाटते ती वासामुळे. पावसात एक चादर वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून तशीच दुसरी ठेवा. ती आधी आठवडाभर त्याच्या खाली अंथरलेली असली पाहिजे. खाली घालायला रबरी तळाची चटई हवी, कारण शहाबादी फरशीवरून ओल पाझरते. दोन जुने टॉवेल पाय पुसायला. बोटांच्या बेचक्यांत ओलावा राहिला की तिथे खाज आणि जखमा सुरू होतात, आणि तिथूनच लेप्टोला वाट मिळते. गोचीडही पाय पुसतानाच दिसतात. त्यांच्यावरची गोळी निघण्याआधी आठवडाभर देऊन ठेवा.

गाडीत त्याला मागच्या सीटवर छातीच्या पट्ट्याने, म्हणजे हार्नेसने, सीटबेल्टला बांधा. गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नका. अचानक ब्रेक लागला तर झटका मानेला बसतो. गळ्यातल्या पट्ट्यावर मात्र दोन फोन नंबर असलेला बिल्ला हवा. एक तुमचा, दुसरा गावातल्या माणसाचा, कारण तुमच्या मोबाइलला तिथे रेंज मिळेलच असं नाही.

उरला आवाज, आणि मला वाटतं हाच भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. आरतीच्या झांजा आणि फटाक्यांनी घाबरलेला कुत्रा दाराच्या फटीतून निसटतो. विसर्जनाच्या दिवशी घराची सगळी दारं उघडी असतात आणि अनोळखी गावात त्याला परतीची वाट सापडत नाही. त्यासाठी नागपंचमीपासून रोज दहा मिनिटं झांजांचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावा आणि त्याच वेळी त्याला आवडता खाऊ द्या. तो बिचकला नाही तरच दुसऱ्या दिवशी आवाज किंचित वाढवा. कान मागे गेले, शेपटी पायात गेली किंवा त्याने खाऊ सोडला, तर आवाज पुन्हा कमी करा. गावी गेल्यावर देवघरापासून लांबची एक खोली त्याच्यासाठी मागून घ्या. चटई, त्याची चादर, पाणी आणि चघळायचं जुनं खेळणं तिथे ठेवा. चाटण्या-चघळण्याने कुत्रा शांत होतो. विसर्जनाला घरातला एक माणूस त्याच्यापाशी थांबेल, हे आधी ठरवा. फारच घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टरांकडे औषध आहे, पण त्याची एक मात्रा आधी पुण्यातच देऊन बघा. नुसती गुंगी आणणारी गोळी मागू नका. तिने कुत्रा पडून राहतो, त्याची भीती मात्र तशीच असते.

यातलं काहीच जमणार नसेल, तर त्याला पुण्यातच ओळखीच्या माणसाकडे ठेवा. तेही प्रेमच आहे.

बरोबर नेलंत, तर परतल्यावर तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप, खाणं सोडणं, डोळ्यांत पिवळेपणा, नाकातून रक्त, गडद लघवी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. तिथे पहिलं वाक्य हे सांगा, की कुत्रा पावसाळ्यात कोकणात जाऊन आला आहे. लेप्टो आणि गोचिडांमुळे होणारे आजार लवकर कळले तर बरे होतात, आणि डॉक्टर कोणत्या तपासण्या आधी करणार, हे त्या एका वाक्यावर ठरतं.