एक्सप्लेनर : चकली किती, शंकरपाळी किती? लिनिअर प्रोग्रॅमिंगचे उत्तर कोपऱ्यावरच का सापडते?

बारावीच्या गणितात लिनिअर प्रोग्रॅमिंगचा प्रश्न आला की अनेक विद्यार्थी थेट आलेखाकडे वळतात. रेषा काढणे तसे सोपे असते. गुण जातात ते त्याआधी, शाब्दिक उदाहरणातले वाक्य असमानतेत लिहिताना आणि त्यानंतर, चुकीचा कोपरा निवडताना. हे दोन्ही टप्पे एका उदाहरणातून समजून घेऊया.

उदाहरण काय आहे?

समजा, एक महिला बचत गट दिवाळीसाठी चकली आणि शंकरपाळी तयार करतो. एक किलो चकली पाडायला ३० मिनिटे आणि तळायला १२ मिनिटे लागतात. एक किलो शंकरपाळी लाटून कापायला २० मिनिटे आणि तळायला १६ मिनिटे लागतात. पाडणे-लाटणे या कामासाठी सगळ्यांचे मिळून ४० तास आहेत. कढई एकच असून ती २४ तास वापरता येते. चकलीचे वजन शंकरपाळीच्या दुपटीपेक्षा जास्त नको, अशी दुकानदाराची अट आहे. चकलीवर किलोमागे ८० रुपये आणि शंकरपाळीवर ६० रुपये नफा मिळतो. सर्वाधिक नफ्यासाठी कोणता पदार्थ किती करावा?

आधी ठरवा, x म्हणजे काय

‘x म्हणजे चकली’ एवढे लिहून भागत नाही. x म्हणजे चकलीचे किलो आणि y म्हणजे शंकरपाळीचे किलो, असे एककासह लिहावे. प्रश्नाच्या शेवटी जे विचारले आहे, तेच बहुधा x आणि y असते. इथे ‘किती करावा’ असे विचारले आहे, म्हणून वजन हेच चल. मिनिटे किंवा रुपये नव्हेत.

आता प्रत्येक मर्यादेसाठी एक ओळ लिहायची. पदार्थ तयार करायला 30x + 20y मिनिटे लागतील. हातात ४० तास, म्हणजे २४०० मिनिटे आहेत. डावीकडे मिनिटे आणि उजवीकडे तास राहिले तर पुढचे सगळे गणित चुकते. मिनिटांत लिहून १० ने भागले की पहिली अट मिळते. कढईसाठी 12x + 16y हे १४४० मिनिटांच्या आत हवे. त्याला ४ ने भागले की दुसरी अट मिळते.

```
3x + 2y ≤ 240
3x + 4y ≤ 360
x ≤ 2y
x ≥ 0, y ≥ 0
नफा Z = 80x + 60y
```

‘दुप्पट’ नेमकी कुठे लिहायची?

सर्वाधिक चुका तिसऱ्या अटीत होतात. वाक्यात ‘चकली’ आणि ‘दुप्पट’ हे शब्द जवळ दिसले की अनेक जण 2x ≤ y असे लिहून मोकळे होतात. ही चूक पकडायला एक सोपी चाचणी आहे. वाक्यानुसार नक्की चालेल अशी एक जोडी घ्यायची. १० किलो चकली आणि ५ किलो शंकरपाळी दुकानदाराला चालेल, कारण चकली बरोबर दुप्पट आहे. x ≤ 2y मध्ये टाकले तर 10 ≤ 10, म्हणजे अट पाळली जाते. 2x ≤ y मध्ये टाकले तर 20 ≤ 5 येते, जे खोटे आहे. म्हणजे असमानता उलटी लिहिली गेली आहे.

‘किमान’ आणि ‘कमाल’ या शब्दांनाही हीच चाचणी लावता येते. ‘किमान २० किलो’ म्हटले असेल तर २५ चालायला हवेत, म्हणून तिथे ≥ येते.

कोणते कोपरे खरे?

या अटी आलेखावर काढल्या की सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारा एक चौकोनी भाग उरतो. यालाच ‘फीजिबल रीजन’ म्हणतात. त्याचे कोपरे असे : (0, 0), (60, 30), (40, 60) आणि (0, 90). (40, 60) हा कोपरा पहिल्या दोन समीकरणांची वजाबाकी करून मिळतो. 2y = 120, म्हणून y = 60 आणि मग x = 40.

दोन रेषा छेदतात तो प्रत्येक बिंदू कोपरा असतोच असे नाही. दुसऱ्या अटीची रेषा x अक्षाला (120, 0) मध्ये छेदते. तिथे नफा ९६०० रुपये दिसतो आणि तो मोहात पाडतो. पण १२० किलो चकली पाडायला ६० तास लागतील आणि हातात ४० तासच आहेत. त्यामुळे कोणताही बिंदू यादीत घेण्याआधी तो सगळ्या अटींमध्ये टाकून पाहावा.

खऱ्या कोपऱ्यांवरचा नफा असा :

- (0, 0) : ० रुपये
- (60, 30) : ६६०० रुपये
- (40, 60) : ६८०० रुपये
- (0, 90) : ५४०० रुपये

उत्तर : ४० किलो चकली, ६० किलो शंकरपाळी आणि नफा ६८०० रुपये.

पण कोपराच का?

किलोमागे जास्त नफा चकलीवर आहे, तरी उत्तरात शंकरपाळी जास्त का? समजा, गट (60, 30) वर आहे. पाडण्या-लाटण्याचा वेळ संपला आहे, पण कढई अजून रिकामी मिळते. इथे २ किलो चकली कमी केली तर ६० मिनिटे सुटतात आणि त्यात ३ किलो शंकरपाळी होते. १६० रुपये गेले, १८० आले. प्रत्येक अदलाबदलीत २० रुपयांचा फायदा आहे, तर मध्येच थांबण्याचे कारण नाही. हा सौदा १० वेळा केला की (40, 60) येतो आणि नफा २०० रुपयांनी वाढलेला असतो.

इथे कढईचाही वेळ संपतो आणि सौदा बदलतो. आता ३ किलो शंकरपाळी तळायला लागणारी ४८ मिनिटे सोडवण्यासाठी ४ किलो चकली कमी करावी लागते. ३२० रुपये जातात आणि १८० येतात, म्हणजे १४० रुपयांचा तोटा. म्हणून गट इथेच थांबतो. एका कडेवर चालताना फायद्याचा दर बदलत नाही. तो बदलतो फक्त कोपऱ्यावर, जिथे नवी मर्यादा आड येते. अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धत हीच चाल वापरते : एका कोपऱ्यावरून कडेने शेजारच्या चांगल्या कोपऱ्यावर जायचे आणि एकही शेजारी सरस नसेल तिथे थांबायचे.

दोन कोपऱ्यांवर सारखेच उत्तर आले तर?

चकलीवरचा नफा ८० ऐवजी ९० रुपये असता, तर (60, 30) आणि (40, 60) या दोन्ही ठिकाणी ७२०० रुपये आले असते. यात आकडेमोडीची चूक नाही. २ किलो चकलीचे १८० रुपये जातात आणि ३ किलो शंकरपाळीचे १८०च येतात, त्यामुळे त्या कडेवरचा प्रत्येक बिंदू सर्वोत्तम ठरतो. अशा वेळी ‘अनंत उत्तरे’ असे लिहावे लागते. एकच कोपरा लिहिला तर उत्तर अपुरे राहते.

शेवटी मिळालेले उत्तर मूळ वाक्यात टाकून पाहावे. ४० किलो चकलीचे २० तास आणि ६० किलो शंकरपाळीचे २० तास, एकूण ४० तास. कढईवर ८ तास आणि १६ तास, एकूण २४ तास. चकली शंकरपाळीच्या दुपटीपेक्षा कमीच आहे. दोन्ही वेळा पूर्ण वापरल्या गेल्या आणि दुकानदाराची अटही पाळली गेली.