औदुंबर फळ्यावर काढताना

बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता आठवीच्या वर्गात शिकवायला मी पस्तीस मिनिटांचे दोन तास घेते. पहिल्या तासाला पुस्तकं बंद. मी कविता दोनदा सावकाश वाचते आणि दुसऱ्या वाचनानंतर मुलं ऐकलेलं दृश्य कागदावर काढतात. झरा, गाव, पायवाट बहुतेकांना सापडते. डोह मात्र पुष्कळांचा निळा होतो. मग पुस्तक उघडून कवीने कोणता रंग कुठे ठेवलाय ते शोधायचं. हिरव्या-निळ्यातून आपण काळ्या पाण्यापाशी येतो, हे मुलांना स्वतःच दिसतं.

आता प्रतिसाद. ‘कवीला काय सांगायचंय?’ हा प्रश्न मी विचारत नाही. तो आला की मुलं गाइडमधलं वाक्य म्हणू लागतात. मी विचारते, ‘हे झाड कसं बसलंय? एकटं की निवांत?’ दोन्ही उत्तरं चालतात, पण शब्द दाखवावा लागतो.

दुसरा तास लेखनाचा. घराजवळची एक वस्तू निवडायची, तिला माणसाची बसण्या-उभं राहण्याची ढब द्यायची. चार ओळी, यमक नको, ‘सुंदर’, ‘उदास’ असे शब्द वर्ज्य. एकाने आधी लिहिलं, ‘एस.टी.चा थांबा उदास आहे.’ मी विचारलं, ‘उदास माणूस बसतो कसा?’ त्याने खोडलं आणि लिहिलं, ‘थांबा गुडघे पोटाशी घेऊन बसलाय.’