तेराव्या महिन्याचा हिशोब

विमा विक्रीच्या नोकरीसाठी येणाऱ्या बायोडाट्यांमध्ये तीन वाक्ये हमखास सापडतात. 'आयआरडीए परवानाधारक', 'टार्गेटच्या १४० टक्के कामगिरी' आणि 'पर्सिस्टन्सी ९० टक्क्यांहून अधिक'. तिन्ही वाक्ये खरी असू शकतात, आणि तरीही समोरच्या जाहिरातीत जे मागितले आहे त्यातले काहीच उमेदवाराकडे नसते. हे कसे घडते ते पाहण्यासाठी एक काल्पनिक पण नेहमीच्या धाटणीचे उदाहरण घेऊ.

पुण्यातल्या एका खासगी बँकेला रिलेशनशिप मॅनेजर हवा आहे. शाखेत येणाऱ्या खातेदारांना आयुर्विमा विकायचा. जाहिरातीत अटी अशा: पदवी, आयुर्विम्याचे वैध 'स्पेसिफाइड पर्सन' प्रमाणपत्र, वर्षाला ६० लाख रुपये एपीई आणि तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी प्रीमियमनुसार किमान ८५ टक्के. अर्ज करणारा तरुण नाशिकचा. एका विमा कंपनीच्या एजन्सी विभागात तो अडीच वर्षे सेल्स मॅनेजर आहे, म्हणजे एजंट नेमायचे आणि त्यांच्याकडून धंदा आणायचा. त्याच्या बायोडाट्यात वरची तीन वाक्ये आहेत, शिवाय '१.२० कोटींचा प्रीमियम' ही ठळक अक्षरांतली ओळ.

आधी परवान्याचे पाहू. या तरुणाने नोकरीला लागण्यापूर्वी एजंटांसाठीची आयसी-३८ परीक्षा दिली होती. ती पास झाल्याचा कागद म्हणजेच परवाना, असा त्याचा समज आहे. २०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि नियामकाने एजंटाला परवाना देण्याची पद्धत संपली. आता परीक्षा पास झालेल्याला विमा कंपनी स्वतः नेमते आणि एजन्सी कोड देते. पहिल्यांदा नेमणूक घ्यायची असेल तर परीक्षेचे प्रमाणपत्र बारा महिनेच चालते. म्हणजे परीक्षा दिली, पण कोड कधी घेतलाच नाही, तर हातात उरते ती फक्त गुणपत्रिका. सेल्स मॅनेजर हा कंपनीचा पगारी नोकर. पॉलिसी एजंटाच्या कोडखाली जाते, त्यामुळे अडीच वर्षांत त्याला स्वतःच्या कोडची गरजही पडली नसावी.

बँकेची गोष्ट वेगळी आहे. बँक ही विमा कंपनीची 'कॉर्पोरेट एजंट' असते, आणि तिच्या वतीने ग्राहकाशी विम्याचे बोलणारा कर्मचारी स्पेसिफाइड पर्सन असावा लागतो. धंद्यात सगळे त्याला 'एसपी' म्हणतात. एजंटाला २५ तासांचे प्रशिक्षण पुरते, एसपीला ५० तासांचे लागते, आणि त्यानंतर परीक्षा. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते आणि ते त्या-त्या बँकेच्या नावाशी बांधलेले असते. एका बँकेचा एसपी दुसऱ्या बँकेत गेला, तर जुन्या बँकेचे ना-हरकत पत्र लागते आणि नव्या बँकेतर्फे पुन्हा नोंद व्हावी लागते. तोवर त्याने पॉलिसी विकायची नाही. म्हणून भरती करणारा 'एसपी आहे का' एवढ्यावर थांबत नाही. कोणाकडचे आहे, मुदत कधी संपते आणि ना-हरकत मिळायला काही अडचण आहे का, हेही तो विचारतो. ज्याच्या प्रमाणपत्राचे दोनच महिने उरलेत, त्याने ते बायोडाट्यात तारखेसह लिहावे. लपवले तर पहिल्याच फेरीत ते उघडे पडते.

आपल्या उमेदवारापाशी एसपी नाही. म्हणून अर्ज लगेच बाद होईल असे नाही, ते जाहिरातीतल्या शब्दावर ठरते. 'असणे आवश्यक' म्हटले असेल तर बाद. 'रुजू झाल्यावर ठरलेल्या मुदतीत मिळवावे लागेल' म्हटले असेल तर वाट मोकळी आहे. मात्र तशा वेळी 'परवानाधारक' हा शब्द खोडून 'आयसी-३८ उत्तीर्ण, अमुक साली; एसपी परीक्षेला बसण्यास तयार' असे लिहिलेले बरे. एजंट म्हणून कोणाची नेमणूक आहे का, हे नियामकाच्या एजन्सी पोर्टलवर पॅन टाकून पाहता येते, आणि भरती करणारे ते पाहतात.

आता १.२० कोटी. यात पहिला प्रश्न काळाचा. हा आकडा वर्षाचा नाही, तीस महिन्यांचा आहे. दुसरा प्रश्न प्रीमियमच्या जातीचा. चौकशी केल्यावर कळते की यातले ४५ लाख एकरकमी पॉलिसींचे आहेत, एकदाच भरायचे आणि मोकळे व्हायचे. उरलेले ७५ लाख दरवर्षीच्या हप्त्याचे. पण हे ७५ लाख 'लॉगिन'चे, म्हणजे फॉर्म आणि चेक कंपनीत जमा झाल्याचे. त्यातले काही प्रस्ताव वैद्यकीय तपासणीत अडकले, काही ग्राहकांनी फ्री लुकच्या मुदतीत पॉलिसी परत केली. ही मुदत २०२४ च्या नियमांपासून ३० दिवसांची झाली आहे. शेवटी नियमित हप्त्यांच्या ज्या पॉलिसी खऱ्या अर्थाने जारी होऊन टिकल्या, त्यांचा प्रीमियम ६६ लाख.

एपीई मोजताना नियमित हप्ता पूर्ण धरतात आणि एकरकमी प्रीमियमचा फक्त दहावा भाग. कारण उघड आहे: आज पाच लाख एकदाच भरणारा आणि दरवर्षी पाच लाख भरणारा, हे कंपनीच्या दृष्टीने सारखे ग्राहक नाहीत. तेव्हा ६६ लाख अधिक साडेचार लाख मिळून साडेसत्तर लाख. तीस महिन्यांचे हे वर्षाला आणले की २८ लाख २० हजार. जाहिरातीत मागितलेल्या ६० लाखांच्या निम्मेही नाहीत. आणि हे त्याने एकट्याने विकलेले नाही, त्याच्या एजंटांचे मिळून आहेत.

मग १४० टक्के कुठून आले? २८ लाख हे १४० टक्के असतील तर त्याचे जुने टार्गेट वर्षाला साधारण २० लाख होते. टक्केवारी खोटी नाही, पण तिच्याखालचा पाया सांगितल्याशिवाय तिला अर्थ नाही. नवे टार्गेट त्याच्या तिप्पट आहे. त्याच्या पॉलिसीचा सरासरी वार्षिक हप्ता ६० हजार रुपये आहे असे धरले, तर ६० लाखांसाठी वर्षाला शंभर पॉलिसी, म्हणजे महिन्याला आठ-नऊ. आजवर त्याच्या सगळ्या टीमने वर्षाला विकल्या चाळीसच्या आसपास. बँकेत खातेदार आयते समोर येतात हे खरे, त्यामुळे उडी अशक्य नाही. पण ती उडी आहे, हे त्याला आणि बँकेलाही आधी कळायला हवे.

सगळ्यात जास्त गफलत होते ती पर्सिस्टन्सीत. विकलेल्या पॉलिसींपैकी किती चालू राहिल्या, याचे हे मोजमाप. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीचा दुसरा हप्ता बारा महिन्यांनी येतो, वर ३० दिवसांची सवलत मिळते. ग्राहक टिकला की गेला हे तेराव्या महिन्यात कळते, म्हणून पहिला टप्पा तेराव्या महिन्याचा. त्यानंतर पंचविसावा, सदतिसावा, एकोणपन्नासावा आणि एकसष्टावा.

या तरुणाने पहिल्या वर्षी नियमित हप्त्याच्या ४० पॉलिसी आणल्या, प्रीमियम २४ लाख. त्यांतल्या ३४ चे दुसरे हप्ते आले. संख्येने पाहिले तर ८५ टक्के. पण बंद पडलेल्या सहा पॉलिसी लहान नव्हत्या, सरासरी लाखाच्या होत्या. सहा लाख गेले, अठरा उरले, म्हणजे प्रीमियमनुसार ७५ टक्के. मोठ्या हप्त्याच्या पॉलिसी आधी गळतात, हा या धंद्यातला जुना अनुभव आहे. अनेकदा त्या मार्चमध्ये टार्गेटच्या घाईत, 'एफडीसारखंच आहे' असे सांगून विकलेल्या असतात. कधी पहिल्या हप्त्यात विक्रेत्यानेच काही रक्कम घातलेली असते. विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार ती मनाई असलेली सवलत आहे आणि दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. मार्चमधली विक्री नेहमीपेक्षा फुगलेली आणि पुढल्या वर्षी त्याच पॉलिसींची गळती मोठी, असे दिसले की अनुभवी शाखाप्रमुखाला वेगळे काही विचारावे लागत नाही.

तर मग ९० टक्के? त्याच वर्षीच्या २० एकरकमी पॉलिसीही त्याने हिशोबात धरल्या. त्यांना दुसरा हप्ताच नसल्याने त्या बंद पडण्याचा प्रश्न नव्हता. चौतीस आणि वीस मिळून चोपन्न, भागिले साठ: बरोब्बर ९०. बेरीज चोख आहे, फक्त बँकेने विचारले त्याचे हे उत्तर नाही. विमा कंपन्या आपल्या जाहीर विवरणात, एल-२२ या फॉर्ममध्ये, पर्सिस्टन्सी प्रीमियमनुसार वेगळी आणि पॉलिसींच्या संख्येनुसार वेगळी देतात, आणि एकरकमी पॉलिसी नियमितमध्ये मिसळत नाहीत. उमेदवाराचा आकडा त्याच्या कंपनीच्या विवरणातल्या आकड्यापेक्षा फार वर दिसला, तर मुलाखत घेणारा तिथेच बोट ठेवतो.

याहून सोपी परीक्षा तारखांची आहे. जो माणूस एका कंपनीत दहा महिनेच होता, त्याने तिथे विकलेल्या एकाही पॉलिसीला तेरावा महिना लागलेला नाही. तरी त्याने तिथली पर्सिस्टन्सी लिहिली असेल, तर ती आधीच्या माणसाच्या पॉलिसींची आहे किंवा कल्पनेतली. आपल्या तरुणालाही तीस महिन्यांपैकी पहिल्या सतरा महिन्यांतल्या विक्रीचाच दाखला देता येईल. एकसष्टाव्या महिन्याबद्दल तर तो बोलूच शकत नाही.

बँकेच्या विक्रीत आणखी एक गुंता असतो. पॉलिसी बँकेच्या एसपीच्या कोडखाली जाते, पण तिथेच विमा कंपनीचा माणूसही बसलेला असतो, जो फॉर्म भरून घेतो आणि वैद्यकीय तपासणीची धावपळ करतो. वर्षअखेरीस दोघांच्याही बायोडाट्यात तोच प्रीमियम पूर्णच्या पूर्ण चढतो. यात लबाडी असतेच असे नाही, पण 'कोड कोणाचा होता' हे विचारले की दोघांची उत्तरे वेगळी येतात.

या तरुणाने खरे लिहायचे तर असे लिहावे: 'एजन्सी विभागात तीस महिने, टीमची जारी नियमित विक्री ६६ लाख, एकरकमी ४५ लाख, वार्षिक एपीई सुमारे २८ लाख, टार्गेट २० लाख, तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी प्रीमियमनुसार ७५ टक्के, संख्येनुसार ८५.' या मजकुरावर ही नोकरी बहुधा मिळणार नाही. पण ३० ते ३५ लाखांच्या टार्गेटची जागा मिळू शकेल, आणि तिथे तो पहिल्या तिमाहीत 'नॉन-परफॉर्मर'च्या यादीत जाणार नाही.

प्रश्न उमेदवारानेही विचारायचे असतात. 'फायनान्शिअल अॅडव्हायजर पाहिजेत, कमाईला मर्यादा नाही' अशी जाहिरात दिसली की आधी पगार आहे का ते विचारावे. पुष्कळदा ती कमिशनवर चालणाऱ्या एजंटाची नेमणूक असते. पगाराची जागा असेल, तर ८५ टक्के कोणत्या पॉलिसींवर मोजणार हे लेखी घ्यावे. सोडून गेलेल्या माणसाने विकलेल्या पॉलिसी 'ऑर्फन' होऊन नव्या माणसाच्या खात्यात टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्या बंद पडल्या तर गळती नव्या माणसाच्या नावावर दिसते आणि इन्सेंटिव्ह त्याचा जातो. 'माझ्या कोडखालीच मोजणार की शाखेच्या?' या प्रश्नाला शाखाप्रमुखाने सरळ उत्तर दिले नाही, तर ऑफर लेटरवर सही करण्याआधी त्या शाखेची गेल्या वर्षीची तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी मागून घ्यावी.