नत्राचं श्रेय किती, पाण्याचं किती?

रब्बी ज्वारीच्या सहा शेतांत हेक्टरी १०, २०, ३०, ५०, ६० आणि ७० किलो नत्र दिलं आणि उत्पादन अनुक्रमे ९, १०, ११, १९, २० आणि २१ क्विंटल आलं, असं समजू. आकडे काल्पनिक आणि मुद्दाम सोपे घेतले आहेत. नत्र आणि उत्पादन किती जुळून वाढतात हे सहसंबंध गुणांक सांगतो. तो उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो. नत्राची सरासरी ४० किलो, उत्पादनाची १५ क्विंटल. प्रत्येक शेताचा या सरासऱ्यांपासूनचा फरक काढून दोन्ही फरकांचा गुणाकार केला, की सहा गुणाकारांची बेरीज ६४० येते. नत्राच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २८००, उत्पादनाच्या १५४. या दोन बेरजांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने ६४० ला भागलं की गुणांक ०.९७ च्या पुढे जातो.

समाश्रयण, म्हणजेच रिग्रेशन, याच आकड्यांतून रेषा काढतं. ६४० ला २८०० ने भागल्यावर तिचा उतार सुमारे ०.२३ येतो:

उत्पादन = ५.८६ + ०.२३ × नत्र

यावरून किलोभर नत्रामागे २३ किलो ज्वारी वाढते असं दिसतं. पण पहिली तीन शेतं जिरायत आहेत आणि पुढच्या तिघांना विहिरीचं पाणी आहे. पाण्याची हमी असलेला शेतकरी खतावर जास्त खर्च करायला धजतो. दोन्ही गट वेगळे तपासले, तर प्रत्येकात २० किलो जादा नत्रामागे २ क्विंटलच वाढतात. उतार फक्त ०.१०. गटांच्या सरासरी उत्पादनात १० क्विंटलांचा फरक आहे. त्यातले ४ क्विंटल ४० किलो जादा नत्राच्या वाट्याला येतात, उरलेल्या ६ क्विंटलांचं श्रेय पाण्याकडे जातं. पहिल्या समीकरणाने तेही नत्राच्या नावावर लिहिलं. गुणांक मोठा असूनही ही चूक त्यातून उमगत नाही. आलेखावर ठिपक्यांचे दोन वेगळे घोळके दिसले की शंका यायला हवी.

सिंचन हा दुसरा घटक समीकरणात घेतला की पाण्याचा वाटा वेगळा निघतो. मात्र जमिनीची खोली मोजलीच नसेल, तर तिचा परिणाम तरीही नत्रात मिसळू शकतो. म्हणून सारख्या वाफ्यांत कोणाला किती नत्र द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. मग चांगली जमीन ठरावीक मात्रेच्याच वाट्याला येण्याची शक्यता मावळते. रोनाल्ड फिशर यांनी ही यादृच्छिक मांडणीची पद्धत १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड केंद्रात काम करताना मांडली.

पाऊस असा चिठ्ठीने वाटता येत नाही, त्यामुळे तिथे जास्त जपावं लागतं. कमी पावसात पीक सुकतं, अतिपावसात मुळं गुदमरतात. संबंध वक्र असल्याने पावसाचा परिणाम मोठा असूनही गुणांक शून्याजवळ येऊ शकतो. शिवाय हंगामाची बेरीज सारखी असलेल्या दोन वर्षांपैकी एकात कणसात दाणा भरताना नेमकी उघडीप पडलेली असू शकते. नत्राची रेषाही ७० किलोंच्या पुढे ओढू नये: मात्रा वाढत जाते तशी प्रत्येक किलोमागची वाढ घटत जाते, आणि अति नत्राने पीक लोळतं.