माफी मागायला आलेला थोरला भाऊ

लहानपणी ज्याला छळलं तो मोठेपणी भेटतो आणि ही गोष्ट छळणाराच सांगतो, अशा कथेचा शेवट बहुतेकदा आधीच ओळखता येतो. डोळे भरून येतात, माफी मागितली जाते आणि हिशेब मिटतो. चिनी लेखक लू शुन यांनी १९२५ साली लिहिलेल्या ‘पतंग’मध्ये मात्र हिशेब मिटत नाही. ‘रानगवत’ या त्यांच्या गद्यकाव्यांच्या संग्रहातलं हे लेखन जेमतेम दोन-तीन पानांचं आहे, पण त्याचा घाट कथेचाच आहे.

निवेदक थोरला भाऊ. पतंग उडवणं म्हणजे वाया गेलेल्या पोरांचे धंदे, असं त्याचं ठाम मत. धाकटा दहाएक वर्षांचा, अंगानं किरकोळ, सतत आजारी. पतंग विकत घ्यायला पैसे नाहीत आणि दादाची परवानगीही नाही, म्हणून तो तासन्‌तास तोंड उघडं टाकून आभाळाकडे बघत राहायचा. एकदा तो दिसेना. शोधत गेलेल्या दादाला तो अडगळीच्या खोलीत लपून पतंग करताना सापडला. फुलपाखराचा बांबूचा सांगाडा तयार होता, त्याच्या डोळ्यांसाठी केलेल्या भिरभिऱ्यांना लाल कागद लावायचं काम चाललं होतं. दादानं फुलपाखराचा पंख मोडला, भिरभिरी पायाखाली चिरडली आणि ताठ मानेनं तो बाहेर पडला. मागे धाकट्याचं काय झालं, हे त्यानं वळूनही पाहिलं नाही.

वीस वर्षांनी मुलांविषयीचं एक परदेशी पुस्तक वाचताना त्याला कळतं, की खेळणं हा मुलांचा स्वभावधर्मच आहे. आता धाकट्याला पतंग आणून द्यावा, दोघांनी मिळून उडवावा, तर दोघांनाही दाढीमिशा आलेल्या. उरली ती माफी. भेट झाल्यावर तो सगळं सांगून टाकतो. धाकटा हसतो आणि नवलानं विचारतो, की असं घडलं होतं का? त्याला काहीच आठवत नाही.

ही घटना लू शुन यांनी १९१९ मध्येही एका छोट्या लेखात मांडली होती. तिथेही भाऊ विसरलेलाच आहे, पण थोरला शेवटी म्हणतो, तरीही मला माफ कर. सहा वर्षांनी त्यांनी ही विनवणी काढून टाकली. जिथे राग नाही तिथे क्षमा कसली, असा नवा निवेदकाचा सवाल आहे. माफी मागितली की मन हलकं होईल, हा त्याचा हिशेब धाकट्याच्या उत्तरावर अवलंबून होता आणि ते उत्तर त्याला मिळालंच नाही.

धाकटा खरंच विसरला की त्याला तो विषय नको होता, हेही आपल्याला कळत नाही. गोष्ट थोरला सांगतोय, त्यामुळे धाकट्याच्या मनात शिरायला वाचकाला जागा नाही. मोडलेला पंख कोणता, चिरडलं काय, हे सगळं थोरल्याला लख्ख आठवतं, आणि त्याच्याशी ताडून बघायला दुसरी आठवण कुठेही नाही.