अंतर्गत नियंत्रणाचे पाच घटक : एका खरेदी व्यवहाराच्या आधारे

'कोसो' समितीच्या १९९२ च्या आराखड्यातील पाचही घटक एका खरेदीत दिसतात. समजा, मध्यम आकाराच्या व्यापारी कंपनीने साखरेची १०० पोती मागविली. ९६ आली, बिल मात्र १०० चे आले. अशी तूट संभवते हे आधीच ओळखणे म्हणजे जोखीम मूल्यांकन. गोदामाची आवक नोंद लेखा विभागास त्याच दिवशी कळविणे म्हणजे माहिती व संप्रेषण. मागणीपत्र, आवक नोंद व बिल ताडून ९६ पोत्यांचेच पैसे देणे ही नियंत्रण कृती होय. परिचित पुरवठादारासाठीही संचालकांनी हा नियम न मोडणे, हे नियंत्रण वातावरण. मात्र गोदामपालाने संगनमताने १०० ची नोंद केल्यास तिन्ही कागद जुळतात. तेव्हा तूट उघड होते ती संनियंत्रणातील अचानक प्रत्यक्ष मोजणीनेच.