२९९ रुपयांचा सूट आणि दहा मिनिटांची तपासणी

रमजानच्या पहिल्या आठवड्यात माहीमच्या कापड बाजारातील आमच्या दुकानावर मोहल्ल्यातील एक भगिनी आल्या. त्या घरातूनच ड्रेस मटेरियल विकतात. त्यांनी मोबाइलवर एका वेबसाइटची जाहिरात दाखविली. १,२०० रुपयांचा सुती सूट फक्त २९९ रुपयांत, माल थोडाच शिल्लक, आगाऊ पैसे भरल्यास पोस्टेज माफ. चाळीस सूट घ्यायचे त्यांनी ठरविले होते. रक्कम होती ११,९६० रुपये, म्हणजे त्यांचे ईदच्या धंद्याचे सारे भांडवल. आम्ही म्हणालो, "बहनजी, दहा मिनिटे थांबा."

प्रथम आम्ही कापडाचा हिशोब मांडला. कमीज अडीच मीटर, सलवार अडीच मीटर आणि दुपट्टा सव्वादोन मीटर धरला तर एका सुटाला सुमारे सात मीटर कापड लागते. छापील सुती कापड आम्हाला ठोक भावातही मीटरला सत्तर रुपयांच्या खाली पडत नाही. म्हणजे नुसते कापडच ४९० रुपयांचे झाले. त्यात पॅकिंग नाही, कुरिअर नाही, नफा नाही. जुना पडून राहिलेला माल व्यापारी तोट्यात काढतो हे खरे, पण तो एखाद-दुसऱ्या डिझाइनचा असतो. येथे दोनशे डिझाइन सर्व रंगांत त्याच भावाने होते. एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही, पण पुढे तपासायचे कारण मिळाले.

दुसरे, वेबसाइटचे वय. "पंचवीस वर्षांची विश्वासू पेढी" असे तीवर लिहिले होते. आम्ही lookup.icann.org येथे वेबसाइटचे नाव टाकले. तेथे Created या शब्दापुढे नाव नोंदविल्याची तारीख येते. ती अवघी एकोणीस दिवसांपूर्वीची निघाली. जुनी पेढीही नवी वेबसाइट काढू शकते, आणि ठग जुने नाव विकतही घेऊ शकतो. म्हणून तारीख एकटी पुरत नाही. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर तर भरवसा ठेवूच नये. ते एवढेच सांगते की मधल्या रस्त्यात कोणी तुमची माहिती वाचणार नाही. समोर बसलेला दुकानदार सच्चा आहे की ठग, हे कुलूप सांगत नाही.

तिसरी तपासणी व्यापाऱ्याच्या रोजच्या कामाची आहे. वेबसाइटच्या तळाला जीएसटी नंबर होता. हा नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे आणि पुढील दहा अक्षरे मालकाच्या पॅनची असतात. महाराष्ट्राचा आकडा २७, गुजरातचा २४. पत्ता भिवंडीचा आणि नंबर २४ पासून सुरू, तेव्हाच शंका पक्की झाली. www.gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये नंबर टाकला. तो खरा निघाला, पण पेढीचे नाव वेगळे, धंदा नळाच्या सामानाचा आणि नोंदणी रद्द झालेली. कुणा भल्या माणसाचा नंबर उचलून लावला होता. म्हणून नंबर आहे एवढ्यावर समाधान मानू नये. नाव, पत्ता, धंदा आणि नोंदणी चालू असणे, चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत.

शेवटी पैसे कोठे जातात ते पाहिले. यूपीआयने रक्कम पाठविण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव पडद्यावर दिसते. आम्ही पैसे न पाठविता तेथपर्यंतच गेलो. पेढीच्या जागी कुणा एका माणसाचे नाव आले. सौदा तेथेच संपला.

मोठ्या नावाच्या दुकानाबाबतही गाफील राहू नये. एप्रिल २०२४ मध्ये नोएडा पोलिसांनी डी-मार्ट, बिग बास्केट अशा नावांच्या बनावट वेबसाइटी चालविल्याच्या आरोपावरून काही जणांना पकडले होते. अशा वेळी जाहिरातीवर बोट न लावता दुकानाचा पत्ता स्वतः टाइप करावा.

छोट्या कारागिराकडे जीएसटी नंबर नसेलही. तेव्हा व्हिडिओ कॉलवर माल पाहावा आणि आधी एकच नग मागवावा. माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय असली तरी पार्सल बहुधा पैसे दिल्यावरच उघडता येते, म्हणून तोही पूर्ण बचाव नव्हे.

आणि रक्कम गेलीच, तर वेबसाइटवाल्याशी हुज्जत घालण्यात वेळ दवडू नये. ताबडतोब १९३० ला फोन करावा, बँकेला कळवावे आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. खबर जितकी लवकर पोचेल तितकी पैसे गोठविले जाण्याची शक्यता अधिक. यूपीआयचा व्यवहार आपल्याला परस्पर मागे घेता येत नाही. क्रेडिट कार्डाने दिलेल्या रकमेवर निदान बँकेकडे हरकत घेता येते.

त्या भगिनींनी पैसे पाठविले नाहीत. ईदच्या आधीच ती वेबसाइट नाहीशी झाली. त्यांनी त्याच रकमेत आमच्या शेजारच्या ठोक दुकानातून वीस सूट उचलले. चाळीस नव्हे, पण ते हातात होते.